तेरा तासांची गोळी

पावसाळा लागला, शाळा सुरू झाल्या की पंधरवड्यात घराघरांत नाके वाहू लागतात आणि प्रत्येक घरातून एक हुकमी उपाय बाहेर निघतो. एकाकडे गवती चहा, आले आणि मिऱ्यांचा काढा. दुसऱ्याकडे रात्री झोपताना हळद घातलेले दूध. तिसऱ्याच्या खिशात चघळायच्या नारिंगी गोळ्यांची स्ट्रिप असते आणि चौथ्याचा च्यवनप्राशाखेरीज कशावरच विश्वास नसतो. गंमत अशी की चौघांनाही गुण येतो आणि चौघेही तसे छातीठोकपणे सांगतात. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार उपाय एकाच दुखण्यावर इतके सारखे लागू कसे पडतात?

उत्तर उपायांत नाही, सर्दीच्या चालीत आहे. साधी सर्दी बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस नावाच्या विषाणूंमुळे होते. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणून एकदा होऊन गेलेली सर्दी पुढच्या सर्दीपासून वाचवत नाही. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक, डोके आणि शिंका यांचा कहर होतो आणि तिथून उतार लागतो. सात ते दहा दिवसांत माणूस बरा होतो, खोकला तेवढा आणखी आठ-पंधरा दिवस रेंगाळतो. आता उपाय सुरू कधी होतो? घसा खवखवला त्या दिवशी कोणी हलत नाही. दुसरी रात्र नाक चोंदून जागून काढल्यावर, म्हणजे सर्दी चढाच्या टोकाला असताना, माणूस काढा उकळतो किंवा मेडिकलमध्ये जातो. त्यानंतर जे काही घ्याल त्याच्या मागोमाग उतार येणारच असतो. श्रेय मात्र हातात असलेल्या वस्तूला मिळते.

साथीच्या दिवसांत मेडिकलच्या दारात लागणाऱ्या फलकाचा विचार इथून सुरू करावा लागतो. त्या फलकासमोर उभे राहणारे गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे असते. त्याला काहीही विकले तरी आठवड्याने ते 'तुमच्या गोळीने बरे वाटले' असेच सांगणार. गिऱ्हाइकाच्या समाधानावरून दुकानदाराला आपल्या मालाची परीक्षा करताच येत नाही, आणि त्यामुळे फलकावर वाटेल ते लिहिण्याचा मोह होतो.

एक नमुन्याचा फलक

वेगवेगळ्या दुकानांतल्या ओळी एकत्र करून मी इथे एक फलक रचला आहे:

*फ्लूची भयंकर साथ! घरच्यांना वाचवा!*
*व्हिटॅमिन सी + झिंक : प्रतिकारशक्ती तिप्पट वाढवा*
*सर्दी, फ्लू, व्हायरल तापापासून १०० टक्के संरक्षण*
*इम्युनिटी किट आजच न्या. साठा मर्यादित*

चार ओळी आहेत आणि चारही वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. पहिली आणि शेवटची ओळ भीतीची, मधल्या दोन दाव्यांच्या. आधी दावे पाहू.

तिप्पट, पण कशाच्या?

प्रतिकारशक्ती ही शरीरात एका जागी साठवलेली, मोजता येणारी गोष्ट नाही. नाकातला चिकट द्रव, तो घशाकडे ढकलणारे सूक्ष्म केस, विषाणू शिरलेल्या पेशींनी शेजारच्या पेशींना दिलेला रासायनिक इशारा, धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि काही दिवसांनी तयार होणारी त्या विषाणूपुरती नेमकी प्रतिद्रव्ये, असा तो मोठा कारभार आहे. यातले नेमके काय तिप्पट करायचे? रक्ततपासणीच्या कागदावर 'प्रतिकारशक्ती' नावाचा रकाना नसतो. पांढऱ्या पेशींचा आकडा असतो, पण तो वाढलेला दिसला तर डॉक्टर खूश होत नाहीत, संसर्ग शोधू लागतात.

दुसरे असे की, वाढ ही चांगलीच असते असेही नाही. नाक वाहणे, अंग तापणे, हातपाय ठणकणे हा बराचसा त्रास विषाणू थेट देत नाही. त्याच्याशी लढताना शरीरच तो ओढवून घेते. आणि प्रतिकारयंत्रणा निरुपद्रवी धुळीवर किंवा परागकणांवर तुटून पडली तर त्याला आपण ॲलर्जी म्हणतो.

मग व्हिटॅमिन सी आणि झिंक यांचा प्रतिकारशक्तीशी संबंध नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. पण तो आमटीतल्या मिठासारखा. आमटी अळणी असेल तर चिमूटभर मिठाने तिची चव सुधारते. मीठ बेताचे पडलेले असेल तर आणखी दोन चमचे घातल्याने आमटी तिप्पट चविष्ट होत नाही. ज्याच्या आहारात व्हिटॅमिन सी किंवा झिंक खरोखर कमी पडते, त्याच्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत आणि ती कमतरता भरून काढली की फरक पडतो. ज्याचे प्रमाण पुरेसे आहे, त्याला व्हिटॅमिन सीची वरची भर बहुतांशी लघवीवाटे परत करावी लागते.

पुरेसे म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी सांगितले आहे. शंभर ग्रॅम पेरूत, म्हणजे एका लहान पेरूत, साधारण २०० मिलिग्रॅम असते. चघळायची गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमची येते. म्हणजे पेरू, आवळा, लिंबू, ढोबळी मिरची यांतले काही ना काही रोज पोटात जाणाऱ्या माणसाची आमटी अळणी नाही. फलकावर म्हणायचेच असेल तर 'प्रतिकारयंत्रणेच्या नेहमीच्या कामाला व्हिटॅमिन सी लागते' एवढे म्हणता येते. ते खरे आहे. 'तिप्पट' हा आकडा मात्र कुठूनही आलेला नाही.

तेरा तासांचा हिशेब

सर्दी आणि व्हिटॅमिन सी यांची गाठ जगभर पक्की केली ती लायनस पॉलिंग यांनी. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० साली याच विषयावर पुस्तक लिहिले आणि लोक मोठमोठे डोस घेऊ लागले. त्याचा एक फायदा असा झाला की, या साध्याशा गोळीवर पुढे भरपूर चाचण्या झाल्या. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनकामाची गोळी आणि कोणाला काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची रीत. सुरुवातीला पाहिलेली 'सर्दी आपोआपच उतरते' ही अडचण याने सुटते, कारण ती दोन्ही गटांत सारखीच उतरते. दोहोंत उरलेला फरक तेवढा गोळीचा.

अशा चाचण्यांचा मोठा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त व्हिटॅमिन सी देऊन पाहणाऱ्या चाचण्यांतल्या अकरा हजारांवर लोकांची माहिती त्यात होती. सर्वसाधारण माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण गोळीने घटले नाही. झालेली सर्दी मात्र थोडी आखूड झाली, मोठ्यांत सरासरी ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के.

हे ८ टक्के फलकावर फार छान दिसतील. पण त्यांचा हिशेब करून पाहा. सात दिवसांच्या सर्दीचे ८ टक्के म्हणजे ०.५६ दिवस, साधारण तेरा तास. प्रौढ माणसाला वर्षात दोन-तीन सर्द्या होतात. तीन धरल्या तरी वर्षाकाठी दीड-पावणेदोन दिवसांची सुटका, आणि त्यासाठी खाव्या लागतात ३६५ गोळ्या, कारण हा फायदा सर्दी नसतानाही रोज घेणाऱ्यांत दिसला होता. शिंका सुरू झाल्यावर गोळी सुरू करणाऱ्यांच्या चाचण्यांत खात्रीलायक फरक आढळला नाही. आणि फलक वाचायला थांबणारा माणूस नेमका या दुसऱ्या गटातला असतो.

एक अपवाद सांगितला पाहिजे. मॅरेथॉन धावपटू, बर्फावर स्की करणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायती करणारे सैनिक यांच्यात मात्र रोजच्या व्हिटॅमिन सीने सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. जाहिरातीत 'सर्दी निम्म्याने कमी' असे वाचायला मिळाले तर ती पाचशे-सहाशे जणांवरच्या या चाचण्यांची पुण्याई असण्याची शक्यता आहे. ऑफिसातून भिजत घरी येणारा माणूस त्यांत मोडत नाही.

झिंकची कहाणी जरा वेगळी आणि अजून अर्धवट आहे. सर्दी टाळण्यासाठी त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. सर्दी झाल्यावर घेतले तर ती कदाचित दोनेक दिवस लवकर आटोपते, पण हा पुरावा कच्चा आहे आणि मळमळ, तोंडाला धातूसारखी चव या तक्रारी त्याच्या जोडीने येतात.

शंभर टक्के कोण देते?

तिसऱ्या ओळीत सर्दी आणि फ्लू एकाच दावणीला बांधले आहेत. फ्लू हा इन्फ्लुएंझा विषाणूचा वेगळा आजार आहे. सर्दी हळूहळू चढते, फ्लू बहुधा एकदम गाठतो. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी १०२ ताप आणि मोडून आलेले अंग घेऊन आडवा होतो. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यात आणि एक जानेवारी ते मार्चच्या सुमारास.

फ्लूपासूनचे संरक्षण खरोखर मोजले गेले आहे ते लसीचे. विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून लसीत कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते. तो अंदाज बरोबर ठरलेल्या वर्षी लस साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते. टोचल्यावर प्रतिद्रव्ये तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आणि साध्या सर्दीवर तिचा उपयोग नाही. इतक्या तपासून घेतलेल्या वस्तूलाही शंभराचा आकडा लावता येत नाही, मग गोळ्यांच्या किटला तो कोणी दिला?

ही ओळ कायद्याच्या बाजूनेही कच्ची आहे. १९५४ चा औषधी आणि चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा काही रोगांची यादी देतो आणि ते बरे करण्याचे किंवा टाळण्याचे दावे करायला मनाई करतो. साधी सर्दी त्या यादीत नाही, पण सर्वसाधारण 'ताप' आहे आणि न्यूमोनियाही आहे. जाहिरात म्हणजे काय याची या कायद्यातली व्याख्या मोठी वाचनीय आहे. सूचनाफलक, पत्रक, लेबल, वेष्टन तर तिच्यात येतातच, शिवाय तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्याने दिलेली जाहिरातही येते. खडूने लिहिलेली पाटी यातून सुटेल असे मानायला जागा नाही.

एका फळीवर तीन घराणी

'इम्युनिटी'च्या फळीवर शेजारी शेजारी बसलेल्या वस्तू कागदोपत्री एका जातीच्या नसतात. व्हिटॅमिनची एखादी गोळी औषध म्हणून परवाना घेतलेली असते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी 'हेल्थ सप्लिमेंट' असते, म्हणजे कायद्याने ती अन्नात मोडते. तिच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना असते. तिसरे घराणे आयुर्वेदिक औषधांचे, च्यवनप्राश त्यातला.

बारीक अक्षरातली ती सूचना म्हणजे कंपनीनेच दिलेली कबुली आहे. डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' आणि दारातल्या फलकावर 'फ्लूपासून संरक्षण' असे असेल, तर दुकानदार कंपनीपेक्षाही पुढे जाऊन बोलतो आहे. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

भीती काय करते

आता पहिली आणि शेवटची ओळ. 'भयंकर साथ', 'घरच्यांना वाचवा', 'साठा मर्यादित'. या ओळींत पडताळण्याजोगा एकही दावा नाही, त्यामुळे त्या निरुपद्रवी वाटतात. माझ्या मते फलकातला सर्वांत घातक भाग तोच आहे.

घाबरलेला माणूस एक वस्तू घेऊन थांबत नाही. तो मल्टिव्हिटॅमिन, पाण्यात विरघळणारी गोळी, चघळायची गोळी आणि मुलांसाठी गमीज असे सगळेच उचलतो, शिवाय 'एखादी अँटिबायोटिक पण द्या' म्हणतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. सर्दी आणि फ्लू विषाणूंचे असल्याने तिथे ती निकामी ठरते. भीतीचा दुसरा परिणाम उलट्या दिशेचा आहे. किट घेतले म्हणजे घर सुरक्षित झाले, असे वाटू लागते. मग आजोबांना चौथ्या दिवशी धाप लागली तरी 'गोळ्या चालू आहेत, उद्यापर्यंत बघू' असे म्हटले जाते.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा शहरभर तोंडाला रुमाल आणि मास्क दिसू लागले, तपासणीसाठी रांगा लागल्या आणि त्या रांगांत साध्या सर्दीवालेही मोठ्या संख्येने उभे होते. तेव्हा लोकांना आजार भयंकर आहे हे सांगण्याची गरज नव्हती. कोणी घरी थांबावे आणि कोणी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, हे कळायला हवे होते.

फलकातली भीती काढून टाकली की तिथे जागा रिकामी होते आणि ही माहिती नेमकी त्या जागेत बसते. विक्री त्याने बुडत नाही. व्हिटॅमिन सी हवे असलेला माणूस ते घेऊनच जातो. सुधारलेला फलक असा लिहिता येईल:

> सर्दी-फ्लूचे दिवस
>
> व्हिटॅमिन सी, झिंक, मल्टिव्हिटॅमिन, च्यवनप्राश येथे मिळतील. व्हिटॅमिन सी आणि झिंक प्रतिकारयंत्रणेच्या नेहमीच्या कामाला लागतात. आहारात ते कमी पडत असतील तर उपयोग होतो. ते घेतल्याने सर्दी किंवा फ्लू होणारच नाही, असे नाही.
>
> मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, गरोदरपण किंवा रोजची औषधे चालू असतील तर घेण्याआधी आमच्या फार्मासिस्टना सांगा.
>
> फ्लूची लस : वयस्कर माणसे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.
>
> साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, तीन दिवसांहून जास्त ताप, उतरून पुन्हा चढलेला ताप, बाळाने दूध न पिणे : यांपैकी काहीही दिसले तर दुकानात थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

काउंटरवरची बेरीज

फलकाच्या दुसऱ्या परिच्छेदात 'फार्मासिस्टना सांगा' म्हटले आहे, ते शिष्टाचार म्हणून नाही. च्यवनप्राशात साखरेचा वाटा मोठा असतो, रोज दोन चमचे खाणाऱ्या मधुमेह्याने तो हिशेबात धरला पाहिजे. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत फेस यावा म्हणून सोडियमचे क्षार घातलेले असतात, रक्तदाबामुळे मीठ तोडलेल्या माणसाला ते चालत नाहीत. मुतखडा होऊन गेलेल्याने रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी घेऊ नये, कारण जादा व्हिटॅमिन सीचे शरीरात ऑक्झलेट होते आणि बहुतेक खडे त्याचेच बनतात.

सर्वांत जास्त चुका झिंकच्या बेरजेत होतात. लेबलवर 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते. हे त्या क्षाराचे वजन झाले, त्यात प्रत्यक्ष झिंक सुमारे २२.५ मिलिग्रॅमच असते. दुसऱ्या डबीवर थेट झिंकचेच वजन दिलेले असते. समजा एखाद्याने सकाळी हे २२.५ चे मल्टिव्हिटॅमिन घेतले, दुपारी १० मिलिग्रॅम झिंकची विरघळणारी गोळी आणि रात्री तितक्याच झिंकची चघळायची. एकूण झाले ४२.५. प्रौढासाठी दिवसाची वरची मर्यादा ४० मानतात आणि गरज पुरुषाला १७, स्त्रीला १३ च्या आसपास आहे. चार दिवस असे झाले तर पोट ढवळण्यापलीकडे फारसे काही होणार नाही. पण साथ ओसरल्यावरही डब्या संपवायच्या म्हणून हेच महिनोन्‌महिने चालले तर झिंक शरीरातल्या तांब्याच्या शोषणात अडथळा आणते आणि रक्त कमी होणे, हातापायांना बधिरपणा असे त्रास सुरू होऊ शकतात. त्यांचा संबंध त्या जुन्या डब्यांशी आहे, हे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी तर इम्युनिटीच्या फळीवर ठेवूच नये. ती कमतरता असलेल्याला डॉक्टर आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, अशी देतात. चार पुड्यांचा खोका ऑफरमध्ये घेऊन रोज एक अशा संपवणारी माणसे असतात, आणि हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जाणारे नाही, ते चरबीत साठत राहते. ती पुडी काउंटरच्या आतल्या कप्प्यात असावी आणि देताना पाकिटावर पेनाने 'आठवड्यातून एकदा' असे मराठीत लिहून द्यावे.